गोल सपाट झाकण, २ बार प्रेशर: जाडी १२ धरू की २०?

टाकीवाला

मंडळी, एक उभी गोल टाकी आहे, आतला व्यास ६०० मिमी, वरून फ्लॅंज आणि त्यावर सपाट गोल झाकण, १२ बोल्ट एम१६, आत जास्तीत जास्त २ बार प्रेशर म्हणजे ०.२ एमपीए. झाकण साधं माइल्ड स्टील, यील्ड २५० धरलंय, मी निम्म्याच्या जरा आत म्हणून १२० एमपीए चालू देणार. आता पुस्तकात दोन फॉर्म्युले सापडतात आणि दोघांचं उत्तर वेगळं येतंय.

```
कडा घट्ट पकडलेली:      σ = 0.75 p R² / t²    (कमाल ताण कडेला)
कडा नुसती टेकलेली:      σ = 1.24 p R² / t²    (कमाल ताण मध्यभागी)
```

आर ३०० घेतला तर पहिल्यानं १०.६ मिमी येते, दुसऱ्यानं १३.६. माझं झाकण बोल्टनं आवळलेलं आहे म्हणजे कडा पकडलेलीच झाली ना? मग १२ ची प्लेट पुरेल असं वाटतंय, आणि १२ ची प्लेट कापून भोकं पाडून तयारच आहे. कोणी केलंय का असं काही?

पत्राकापू

एवढं कशाला डोकं लावताय, टाकीचा फॉर्म्युला साधा आहे, प्रेशर गुणिले त्रिज्या भागिले ताण. ०.२ गुणिले ३०० भागिले १२०, अर्धा मिमी येतो. त्यावर गंज वगैरे धरून ३ मिमी पत्रा लावा की, आम्ही टाक्यांना तोच लावतो.

फिक्स्डकडा

@पत्राकापू, तो फॉर्म्युला टाकीच्या अंगाला, झाकणाला नाही.

@टाकीवाला, तुझं बरोबर आहे. मी आत्ताच पटकन मॉडेल करून चालवलं, ६०० व्यास, १२ मिमी, कडा फिक्स्ड, २ बार. कमाल ताण कडेला ९४ एमपीए. १२० च्या आत आहे, १२ मिमी बिनधास्त लाव. धागा संपला :)

पत्राकापू

अंगाला चालतो आणि झाकणाला का नाही? प्रेशर तेच, त्रिज्या तीच, स्टील तेच.

जुना_बॉयलरवाला

धागा संपला नाही, आत्ता कुठे सुरू होतोय.

आधी पत्राकापूंचं. टाकीचं अंग वळलेलं असतं, त्यामुळे प्रेशर आलं की पत्रा नुसता ताणला जातो, आतून बाहेरपर्यंत सगळी जाडी सारखी ओढ घेते. सपाट झाकणाला वळण नाही, ते प्रेशर वाकूनच पेलतं. वाकताना वरची कातडी ओढली जाते, खालची दाबली जाते आणि मधला थर जवळजवळ आराम करतो. म्हणून ताण त्रिज्या भागिले जाडी या गुणोत्तरावर नाही, त्याच्या वर्गावर जातो. तुमचं ३ मिमीचं झाकण त्याच टेकलेल्या फॉर्म्युल्यात घालून मध्याची फूग काढलीत तर २०० मिमीच्या वर येते. दोन सव्वादोन फूट व्यासाचं झाकण एवढं फुगत नसतं हे उघड आहे, फॉर्म्युला तिथे लागूच होत नाही, कारण त्यातली सगळी गणितं फूग जाडीच्या निम्म्याच्या आत आहे असं धरून केलेली असतात. प्रत्यक्षात ते झाकण आधी कायमचं वाकेल आणि मग वाटीसारखं होऊन ताणावर उभं राहायला बघेल, तोवर गॅस्केट कुठल्या कुठे गेलेलं असेल. डिश एंडचा पत्रा पातळ चालतो तो याच कारणानं, तिथे ती वाटी आधीच दिलेली असते.

आता मुख्य गोष्ट. टाकीवाला, फिक्स्डकडा, तुम्ही दोघंही बोल्ट म्हणजे पकड असं धरून चाललाय. गॅस्केट कुठे आहे ते सांगा आधी. बोल्टच्या आतल्या बाजूला रिंग आहे की सगळ्या फ्लॅंजभर, बोल्टच्या भोकांसकट?

टाकीवाला

रिंग आहे काका, बोल्टच्या आत. रिंगचा मधला व्यास ६४०, रुंदी २० मिमी, जाडी ३. बोल्ट सर्कल ७००. झाकणाचा बाहेरचा व्यास ७४०.

जुना_बॉयलरवाला

मग ऐका. कागदावर झाकणाचा अर्धा उभा छेद काढा. प्रेशर खालून वर ढकलतंय. गॅस्केट ३२० त्रिज्येवर आहे, बोल्ट ३५० वर. बोल्ट कड खाली ओढतोय, पण तो टेकूच्या बाहेर ३० मिमीवर ओढतोय. कड खाली ओढली की गॅस्केटच्या गोलावरून झाकण उलटतं आणि मधला भाग वर उचलला जातो. आणि प्रेशरही मधला भाग वरच ढकलतंय. म्हणजे दोन्ही एकाच दिशेनं वाकवतात.

खरी पकडलेली कड बरोब्बर याच्या उलट काम करते, ती मधल्या भागाला खाली दाबून धरते, म्हणून तर तिथे मध्यावरचा ताण कमी होतो आणि १.२४ चं ०.७५ होतं. तुमच्या झाकणात बोल्ट जितका जास्त आवळाल तितका मध्यावरचा ताण वाढतो, कमी होत नाही. तेव्हा ०.७५ विसरा, १.२४ सुद्धा अपुरा आहे, त्यात बोल्टची भर वेगळी घालायची.

आणि आर ३०० नाही, ३२०. प्रेशर गॅस्केटपर्यंत पोचतं.

मीटरपट्टी

+१, हे फार कमी लोकांना माहीत असतं. एएसएमई सेक्शन ८ डिव्हिजन १ मधलं यूजी-३४ बघा, तिथे दोन्ही गोष्टी एकाच मुळाखाली आहेत:

```
t = d · sqrt( C·P/S  +  1.9·W·hG/(S·d³) )

d  = गॅस्केटचा व्यास,  C = 0.3
W  = सगळ्या बोल्टचा मिळून भार
hG = बोल्ट सर्कल ते गॅस्केट, त्रिज्येवरचं अंतर
```

सी ०.३ म्हणजे काय तर टेकलेल्या कडेचाच फॉर्म्युला. १.२४ ला चारनं भागा (त्रिज्येऐवजी व्यास घेतला ना), ०.३१ येतं. पकडलेल्या कडेचं असतं तर ०.१९ आलं असतं. म्हणजे कोड लिहिणाऱ्यांनीसुद्धा बोल्टचं झाकण टेकलेलंच धरलंय. आणि तो १.९ आकाशातून नाही पडलेला. बोल्टचा एकूण मोमेंट डब्ल्यू गुणिले एचजी, तो गॅस्केटच्या परिघावर वाटला की डब्ल्यू एचजी भागिले पाय डी, त्याचा वाकण्याचा ताण काढायला ६ नं गुणायचं आणि जाडीच्या वर्गानं भागायचं, ६ भागिले पाय बरोबर १.९१. कडेला चहूबाजूंनी सारखा मोमेंट दिला की तो न कमी होता थेट मध्यापर्यंत पोचतो, म्हणून त्याची बेरीज मध्यावरच्या ताणात करायची.

(मला हे कळायच्या आधी मी १.९ ला सेफ्टी फॅक्टर समजायचे, असो.)

टाकीवाला

डब्ल्यू किती धरू?

मीटरपट्टी

प्रेशरचा उचलण्याचा जोर आधी. ०.२ गुणिले पाय गुणिले ३२० चा वर्ग, ६४ किलोन्यूटन, साधारण साडेसहा टन. त्यावर गॅस्केट दाबून धरायला जास्तीचा जोर लागतो, तो गॅस्केटच्या जातीवर आहे, मऊ रबरी असेल तर थोडाच. ८० किलोन्यूटन धरून बघा.

पहिला भाग ०.३ × ०.२ ÷ १२० = ०.०००५०
दुसरा भाग १.९ × ८०००० × ३० ÷ (१२० × ६४०³) = ०.०००१४५

बेरजेचं मूळ ०.०२५४, गुणिले ६४०, म्हणजे १६.३ मिमी. नुसत्या प्रेशरला १४.३ लागले असते, बोल्टनं दोन मिमी वाढवले. गंजाला १ धरला तर १७ च्या वर गेलात.

फिक्स्डकडा

मान्य नाही पूर्ण. कोड जुना आहे आणि सगळं जाड बाजूनं धरतो. गॅस्केटच्या बाहेर ५० मिमी रुंद रिंग आहे झाकणाची, ती कडेला वळू देत नाही, शिवाय १२ बोल्ट आहेत. खरी परिस्थिती पकडलेली आणि टेकलेली यांच्या मधे कुठेतरी असणार. मधलं घेतलं तर माझे १२ मिमी बसतात.

जुना_बॉयलरवाला

रिंगचं बरोबर आहे तुमचं, बाहेरचा भाग मदत करतो. पण किती ते काढा ना. ३२० ते ३७० ची रिंग वळायला जो विरोध करते तो आतल्या ताटाच्या विरोधाच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो. म्हणजे कडेचं वळणं नऊ दहा टक्क्यांनी कमी होईल आणि मध्यावरचा प्रेशरचा ताण पाच सहा टक्क्यांनी. मधे कुठेतरी आहे हे खरं, पण ते कुठेतरी टेकलेल्याच्या दारातच आहे.

तुमच्या मॉडेलमधली फिक्स्ड कडा काढा, गॅस्केटच्या जागी कॉन्टॅक्ट द्या, बोल्टचा जोर ३५० त्रिज्येवर लावा आणि परत चालवा. जाडी तीच १२ ठेवा.

व्हॅक्यूमवेडी

मधेच विचारते, माझं थोडं वेगळं आहे पण झाकणच आहे. रेझिनमधले बुडबुडे काढायला व्हॅक्यूमचं भांडं केलंय, वर ॲक्रिलिकचं गोल झाकण, ओ रिंगचा व्यास २५०, झाकण १२ मिमी. व्हॅक्यूम लावला की मधे दबतं ते डोळ्यांना दिसतं. बोल्ट लावले तर दबणं कमी होईल का? वरच्या चर्चेवरून आता बोल्ट लावायची भीतीच वाटायला लागली.

जुना_बॉयलरवाला

ताई, तुम्हाला बोल्टची गरजच नाही. तुमच्याकडे बाहेरची हवाच झाकण दाबून धरतेय, २५० व्यासावर पूर्ण व्हॅक्यूमला जवळजवळ ५०० किलोचा भार होतो. तुमची कड सरळ सरळ टेकलेली आहे, कुठलाच वाद नाही.

मीटरपट्टी

आणि आकडे काढले तर १२ मिमीला मध्यावर खालच्या बाजूला १४ एमपीएच्या आसपास ताण येतो आणि झाकण साधारण ३ मिमी दबतं, ॲक्रिलिकचा ई ३००० धरून. म्हणून डोळ्यांना दिसतंय. ॲक्रिलिक चाचणीत ७० ला तुटतं म्हणून १४ काहीच नाही असं वाटतं, पण ते सारखं सारखं किंवा तासन्‌तास ताणाखाली राहिलं की त्याच्यावर बारीक चंदेरी रेघा उठतात, आणि रेझिनची, सॉल्व्हंटची वाफ लागली की फारच लवकर. झाकण तिरकं धरून उजेडात खालची बाजू बघा, रेघा दिसल्या तर त्या झाकणावर परत व्हॅक्यूम लावू नका. २० मिमी घेतलंत तर ताण ५ वर येतो आणि दबणं पाऊण मिमीच्या आत, कारण ताण जाडीच्या वर्गानं उतरतो आणि दबणं घनानं.

व्हॅक्यूमवेडी

बघितलं. मधे काही नाही पण ज्या बाजूला नळी जोडायचं भोक पाडलंय तिथे भोकाच्या भोवती आहेत रेघा, केसासारख्या. झाकण बाजूला ठेवलं. थँक्यू, खरंच.

पत्राकापू

माझा एक प्रश्न राहिला. जाडी नको असेल तर दुप्पट ताकदीचं स्टील घ्या ना, मिळतं की.

मीटरपट्टी

ताकद दुप्पट केली तर जाडी निम्मी होत नाही, मुळात जाते, म्हणजे १६.३ ची ११.५ होते. आणि स्टील कुठलंही घ्या, ई तोच २ लाख. म्हणजे तेवढ्याच प्रेशरला फूग जवळजवळ तिप्पट. झाकण तुटणार नाही पण कडेला इतकं वळेल की गॅस्केट आतून उघडं पडेल. सपाट झाकणं तुटण्याआधी गळतात बहुतेक वेळा.

फिक्स्डकडा

चालवलं परत. १२ मिमी, कॉन्टॅक्ट, ३५० वर ८० किलोन्यूटन, २ बार. मध्यावर बाहेरच्या बाजूला २१० येतोय.

पण माझं अजूनही म्हणणं आहे की यील्डच्या खाली आहे, २५० च्या. आणि एकदम फुटायला याच्या कितीतरी जास्त प्रेशर लागेल, कातडी यील्ड झाली म्हणजे झाकण गेलं असं नसतं.

जुना_बॉयलरवाला

हातानं काढलं तर १७६ प्रेशरचा आणि ५० बोल्टचा, २२६ येतो, रिंगची मदत वजा केली की तुमचा २१० बसतोच.

फुटण्याबद्दल तुमचं खरंय. सगळी जाडी यील्ड होऊन झाकण कोसळायला टेकलेल्या कडेवर ५ बारच्या वर लागेल. पण कोणी तिथपर्यंत जात नाही. पाण्याची टेस्ट १.३ पट घ्यायची म्हटलं तर २.६ बारला मध्याचा ताण २५० ओलांडतो, झाकण उतरवल्यावर मधे थोडं फुगलेलंच राहतं आणि मग पुढच्या वेळी गॅस्केट नीट बसत नाही. शिवाय तुमचा ८० किलोन्यूटन हा हिशेबातला आहे. १२ बोल्टमध्ये वाटला तर एकेकाला पावणेसात. एम१६ ला लांब पाना लावून माणूस सहज वीस आणेल. तसं झालं तर बोल्टचाच ताण तिप्पट, दीडशे. प्रेशर यायच्या आधीच.

टाकीवाला, तुमच्याकडे १२ ची प्लेट तयार आहे म्हणालात ना, मग वाद कशाला घालायचा, मोजा. पाणी भरा, हवा नाही. हवा दाबलेली असली तर गॅस्केट सुटलं की झाकण उडतं, पाण्यात नुसती धार येते. पूर्ण २ बारपर्यंत जाऊ नका, १ बार पुरे. मध्यावर डायल गेज लावा. आणि त्याआधी, बोल्ट आवळायच्या आधी आणि नंतर, झाकणावर गॅस्केटच्या गोलापासून समोरच्या गोलापर्यंत सरळ पट्टी ठेवून फीलर गेजनं मधली फूग बघा. १२ मिमीचं झाकण १ बारला पकडलेलं असेल तर अर्धा मिमी उठेल, टेकलेलं असेल तर दोन. चौपट फरक आहे, घोळ होणारच नाही.

टाकीवाला

चालेल, करतो.

नुसताच_वाचक

भारी चाललंय, वाखू साठवली.

टाकीवाला

केलं, आकडे देतो.

बोल्ट आवळायच्या आधी पट्टी ठेवली तर झाकण जवळजवळ सपाट होतं, फीलर आत जात नव्हता. मग बोल्ट समोरासमोर घेत साध्या पान्यानं आवळले, जीव खाऊन नाही, गॅस्केट चहूबाजूंनी सारखं दबेपर्यंत. आता पट्टी झाकणावर डुलायला लागली, मधे टेकून दोन्ही टोकं वर. दोन्ही बाजूंना सारखी फट पकडून मोजली तर मध्यावर साधारण २ मिमी फूग, प्रेशर शून्य असताना.

मग डायल शून्य करून पाणी दाबलं. अर्ध्या बारला ०.९५, एक बारला १.९. प्रेशर सोडल्यावर काटा परत शून्याजवळ. गळती नाही.

एक कळलं नाही, काकांनी बोल्टमुळेही फुगतं म्हटलं होतं, मग डायलवर नुसता टेकलेल्याचाच आकडा कसा आला, त्यात बोल्टचा यायला नको?

जुना_बॉयलरवाला

बोल्टचा वाटा तुम्ही पट्टीनं आधीच मोजलात की. ते २ मिमी तेच. डायल तुम्ही आवळल्यानंतर शून्य केला, म्हणून त्यानं फक्त प्रेशरचा वाटा दाखवला. प्रेशर चढताना बोल्टचा जोर फारसा बदलत नाही, गॅस्केटवरचा दाब तेवढा कमी होत जातो.

आणि त्या २ मिमीवरून उलटा हिशेबही होतो. ८० किलोन्यूटनला रिंगची मदत धरून १.३ ते १.४ मिमी यायला हवे होते, तुम्हाला २ आले, म्हणजे बोल्ट मिळून १२० किलोन्यूटनच्या आसपास ओढतायत. साध्या पान्यानंच. बोल्टचा ताण मग ६७ धरा. २ बारला प्रेशरचा १६५, बेरीज २३० च्या वर. १२ मिमीचं झाकण तुमच्या १२० च्या हिशेबात दुप्पट भरलेलं आहे.

फिक्स्डकडा

१.९ आला म्हणजे टेकलेलंच, मान्य. पण पूर्ण फ्लॅंजभर गॅस्केट लावलं तर? मग बोल्टच्या बाहेरही टेकू मिळतो, कडेला उलटायला जागा नाही, तिथे तरी पकडलेलं धरायला काय हरकत आहे?

मीटरपट्टी

तिथे थोडं धरता येईल, बोल्टच्या बाहेरची गॅस्केटची पट्टी दाबली जाते आणि कडेला वळू देत नाही. पण ३ मिमी रबर दाबलं जातंच, पकड ढिली. आणि सगळ्या रुंदीवर तेवढाच सारखा दाब आणायचा तर बोल्टचा जोर खूप वाढवावा लागतो. मी स्वतः कधी त्याचा फायदा जाडीत घेणार नाही.

जुना_बॉयलरवाला

मी घेतलाय कमी प्रेशरला, पाव अर्ध्या बारला. तिथे टाकीची फ्लॅंजही झाकणाएवढीच जाड होती, हे महत्त्वाचं. खालची फ्लॅंज पातळ असेल तर ती स्वतःच झाकणाबरोबर वळते आणि पकडायला काही उरतच नाही.

फिक्स्डकडा

म्हणजे अगदीच चूक नाही माझं :) फ्लॅंजसकट पूर्ण मॉडेल करून बघतो कधीतरी.

टाकीवाला

ठरलं, २० मिमी घेतो. मीटरपट्टीताईंच्या फॉर्म्युल्यात बोल्ट १२० धरून घातलं तर १७.१ आली, वर गंजाला १. १८ पुरेल का, की २०?

मीटरपट्टी

१८.१ झाली ना मग, १८ कशी पुरेल. २० च घ्या. २० ला ताण किती येतो बघा, प्रेशरचा ६३ आणि बोल्टचा २७, मिळून ९०. पण त्याहून गॅस्केटचं बघा. १६ मिमीचं झाकण, अगदी ८० किलोन्यूटन बोल्ट धरूनसुद्धा, २ बारला गॅस्केटपाशी ०.७ अंश वळतं. ऐकायला काही नाही, पण २० मिमी रुंद गॅस्केटच्या आतल्या काठाला बाहेरच्यापेक्षा पाव मिमी जास्त फट. तुमचं ३ मिमी मऊ रबर ते भरून काढेल, दीड मिमीचं कडक शीट असतं तर आतून पाणी शिरलं असतं. २० केली की ते निम्म्यावर येतं, वजन मात्र पाव पटीनंच वाढतं.

पत्राकापू

२० मिमी, ७४० व्यास म्हणजे पासष्ट सत्तर किलो झालं हो. उचलायला दोन माणसं. त्यापेक्षा १२ च्या प्लेटलाच वरून पट्ट्या वेल्ड करा, चार उभ्या, अधिकच्या चिन्हासारख्या.

जुना_बॉयलरवाला

पट्ट्यांची कल्पना वाईट नाही, पण पट्टी मध्यापासून गॅस्केटच्या गोलापर्यंत पूर्ण नेली पाहिजे, मधेच संपवली तर तिच्या टोकाला वेल्डमध्ये तडा जातो. शिवाय वेल्डनं प्लेट ओढली जाते, मग गॅस्केटची बाजू परत लेथवर घ्यावी लागते. बोल्टचा पानाही फिरायला जागा हवी. आणि मग वरचे सगळे फॉर्म्युले गेले, ते साध्या ताटाचे आहेत. एकाच टाकीसाठी एवढा उद्योग करण्यापेक्षा २० ची प्लेट आणि दोन उचलायच्या कड्या.

टाकीवाला

एक राहिलंच. झाकणाच्या बरोबर मध्यावर अर्ध्या इंचाचा सॉकेट वेल्ड करायचा आहे, प्रेशर गेजसाठी. एवढ्याशा भोकानं काही फरक पडत नाही ना?

मीटरपट्टी

पडतो, आणि भोक लहान म्हणून फरक कमी होत नाही. मध्यावर ताण सगळ्या दिशांना सारखा असतो, तिथे भोक पाडलं की भोकाच्या काठावर तो दुप्पट होतो. तुमचे ९० काठापाशी १८० होतात. व्हॅक्यूमवेडींच्या रेघा भोकाभोवतीच आल्या त्या उगाच नाहीत. कोडमध्ये सोपा मार्ग दिलाय, मुळाखालची रक्कम दुप्पट करायची, म्हणजे तुमच्या १७.१ ची सव्वाचोवीस होते, वर गंज. नाहीतर भोकाभोवती जाड बॉस वेल्ड करून कापलेलं मटेरियल परत द्यायचं.

टाकीवाला

मध्यावरून बाजूला सरकवला तर? कडेकडे ताण कमी होत जातो ना?

मीटरपट्टी

प्रेशरचा कमी होतो, बोल्टचा होत नाही, तो सगळीकडे सारखा. मध्यापासून २०० मिमीवर नेला तरी नव्वदचे पंच्याहत्तर होतील, बस. त्यापुढे गेलात तर गॅस्केट जवळ येतं.

जुना_बॉयलरवाला

अहो पण गेज झाकणावर हवाच कशाला? दर वेळी झाकण उघडताना गेज उतरवणार, परत लावणार, एक दिवस आपटणार. टाकीच्या अंगावर वरच्या बाजूला, फ्लॅंजच्या खाली शंभर एक मिमी सोडून घ्या. तिथला ताण काढून बघा, अंगाचा पत्रा कितीचा आहे?

टाकीवाला

५ मिमी.

पत्राकापू

५ मिमीला ०.२ गुणिले ३०० भागिले ५, १२ एमपीए. हा माझाच फॉर्म्युला आहे बरं का.

जुना_बॉयलरवाला

हो, इथे तोच. दुप्पट तिप्पट झाला तरी चाळिशीच्या आत. सॉकेट तिकडे घ्या.

टाकीवाला

घेतो. १२ च्या त्या प्लेटचं काय करू ते वेगळ्या धाग्यात विचारतो.